ओढ कोणाची, हे सांगणारी दोन पानं

पहिल्या भेटीनंतर टॅरोची पानं उलगडून घेणाऱ्यांचा प्रश्न बहुतेकदा एकच असतो : ओढ दोन्हीकडून आहे का? अशा वेळी ‘एस ऑफ कप्स’ निघालं की चेहरे खुलतात. माझ्या मते मात्र या प्रश्नाचं पान ते नव्हे, ‘टू ऑफ कप्स’ आहे.

पामेला कोलमन स्मिथ यांनी आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी रंगवलेला संच 1909 मध्ये लंडनमध्ये निघाला. आज सर्वाधिक वापरात असलेल्या या संचातली दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. ‘एस’मध्ये ढगातून आलेल्या एका हातावर एकच पेला आहे, त्यात वरून कबुतर उतरतंय आणि पाणी काठांवरून ओसंडतंय. चित्रात दुसरं माणूस नाही. मन भरून आलंय, एवढंच ते सांगतं. ‘टू’मध्ये तरुण आणि तरुणी समोरासमोर उभे आहेत, दोघांच्याही हातात पेला आहे आणि तरुणाचा हात तिच्याकडे झुकलाय. इथे देणंही आहे, घेणंही. वेट यांनी या पानाच्या अर्थांत प्रेमासोबत मैत्रीही धरली आहे, त्यामुळे सूर जुळला म्हणजे प्रणयच, असं म्हणता येत नाही.

एक मांडणी घेऊ. एका मुलीने पहिल्या भेटीनंतर तीन पानं काढली : मी, तो आणि आमच्यातलं नातं. ‘मी’च्या जागी ‘एस’, ‘नात्या’च्या जागी ‘टू’ आणि ‘तो’च्या जागी ‘फोर ऑफ कप्स’ आलं. या शेवटच्या चित्रात झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण आहे. ढगातून आलेला हात त्याच्यापुढे पेला धरतोय, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. ‘एस’मधल्यासारखाच हात, पण घेणारा अजून आपल्याच विचारात. मी याचं वाचन असं करेन : गप्पा खरोखर रंगल्या, ओढ तिच्या बाजूने भरपूर आहे, त्याचं मन मात्र अजून मोकळं झालेलं नाही. ‘एस’ त्याच्या जागी आलं असतं, तर वाचन उलटलं असतं. म्हणून कोणती जागा कोणाची, हे पानं पिसण्याआधीच ठरवावं लागतं.

78 पानांतून तीन काढताना ही दोन्ही एकत्र येण्याची शक्यता हजारात जेमतेम एक. त्याने हरखून जायला होतं, पण कुठल्याही दोन ठरावीक पानांची शक्यता तेवढीच असते. शिवाय पानं तिने काढली, तो तिथे नव्हताच. त्याच्या मनातलं पानांना कळतं, याला काहीही पुरावा नाही. तिला स्वतःला काय वाटतंय, ते या चित्रांमुळे शब्दांत मांडता येतं, आणि माझ्या लेखी वाचनाचा खरा उपयोग तोच. त्याची बाजू त्याच्या वागण्यातूनच कळेल : तो आपणहून निरोप पाठवतो का, तिने सांगितलेलं त्याच्या लक्षात राहतं का, पुढच्या भेटीचा दिवस तोही सुचवतो का.