पांढरं, कळ आणि ताप

‘अंगावरून पांढरं जातंय’ हे बाई जावेला सांगते, डॉक्टरला क्वचितच. जाऊ म्हणते, ‘उष्णता असेल’, आणि दुखणं अंगावर काढलं जातं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, त्याचा अहवाल १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

थोडं पांढरं जाणं नैसर्गिकच. पण समजा, शिवणकाम करणारी बत्तीस वर्षांची एक बाई आहे. पाळी होऊन चार दिवस झालेत. ओटीपोट दोन्ही बाजूंनी दुखतंय, मशीनचं पायडल मारताना जास्तच. स्राव पिवळसर, घाण वासाचा. तिसऱ्या दिवशी १०१ ताप. क्रोसिन घेतली की उतरतो, पुन्हा चढतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की गर्भाशय आणि गर्भनलिकांच्या जंतुसंसर्गाची शंका घ्यायलाच हवी. क्लॅमिडिया, गोनोरिया किंवा योनीतलेच इतर जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात. कित्येकींना ताप येतच नाही, नुसती बारीक कळ राहते, म्हणून ताप नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

पाळी येऊन गेली तरी डॉक्टर आधी गर्भाची लघवी तपासणी करतात, कारण नळीत राहिलेला गर्भही असाच दुखतो. उजवीकडेच दुखत असेल तर अपेंडिक्सचाही विचार होतो. मग आतून तपासणी. बोटांनी गर्भाशयाचं तोंड जरा हलवलं आणि बाई कळवळली, तर निदानाला तेवढा आधार पुरतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं होत नाही. सुरुवातीला तिच्यात बहुधा काही दिसत नाही. रिपोर्टची वाट पाहत औषध लांबवलं, तर तेवढ्यात नळ्यांना आतून व्रण पडू शकतात. पुढे मूल न राहणं किंवा गर्भ नळीतच अडकणं, हे त्यातूनच येतं.

सरकारी दवाखान्यात यासाठी पिवळ्या रंगाचं किट मिळतं: सेफिक्झिम एकदाच, डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल रोज दोनदा, चौदा दिवस. तीन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. तोवर ताप-दुखणं कमी झालं नसेल, नळीत पू धरला असेल, उलट्यांमुळे गोळ्या टिकत नसतील किंवा दिवस गेलेले असतील, तर दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. दुसरं म्हणजे नवरा. त्याला काहीच त्रास नसला तरी जंतू त्याच्याकडे असू शकतात. म्हणून त्यालाही औषध, आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध बंद. आपल्या शिवणकामवालीचा नवरा चिठ्ठी हातात घेऊन म्हणतो, ‘मला कुठं काय होतंय?’ चिठ्ठी घडी होऊन शर्टाच्या खिशात जाते. दोन महिन्यांनी पायडल मारताना तिला पुन्हा तशीच कळ येते.