रंग लागलेले पांढरे कपडे आणि मिठाचा डबा

नव्या लाल कुर्त्याचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागला की घरातले कोणीतरी हमखास सांगते, “मीठ टाकून भिजवा.” हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण लागलेला रंग काढण्यासाठी तो चुकीचा आहे. सुती कापड रंगवणारे कारागीर आणि प्रोसेस हाऊस रंगाच्या पाण्यात मीठ मुद्दाम घालतात, आणि तेही भरपूर. पाण्यात विरघळलेला रंग मिठामुळे पाणी सोडून धाग्याकडे जातो. म्हणजे गुलाबी झालेल्या बादलीत मूठभर मीठ टाकणे हे रंगाऱ्याचेच काम पुढे नेणे झाले.

मुळात रंग सुटतो का, हे कळले की पुढचे उपायही नीट कळतात. सुती कपड्यांसाठी आज मोठ्या प्रमाणावर ‘रिअॅक्टिव्ह’ रंग वापरतात. ते 1956 मध्ये बाजारात आले. त्यांचा रेणू कापसाच्या तंतूशी पक्का रासायनिक बंध बांधतो, म्हणून ते टिकाऊ. पण सगळाच रंग असा बांधला जात नाही. काही भागाची रंगवताना पाण्याशीच प्रक्रिया होते आणि तो नुसता धाग्याला चिकटून राहतो. हा सुटा रंग काढून टाकण्यासाठी कापड उकळत्या साबणपाण्यातून पुन्हापुन्हा काढावे लागते. त्यात पाणी, इंधन आणि वेळ जातो, त्यामुळे स्वस्त मालात नेमकी याच टप्प्यावर काटकसर होते. गडद लाल छटेला रंगही जास्त लागतो, म्हणून उरलेला सुटा रंगही जास्त. तोच आपल्या मशीनमध्ये बाहेर पडतो.

यातली दिलाशाची गोष्ट अशी, की पांढऱ्या कपड्यावर आलेला हा रंग तिथेही नुसताच चिकटलेला असतो. म्हणून पहिला नियम एकच: कपडे वाळू देऊ नयेत. ड्रायर नको, ऊन नको आणि इस्त्री तर मुळीच नको. ओला धागा फुगलेला असतो, त्यातून रंग सहज बाहेर येतो. वाळला की धागा आकसतो आणि आत शिरलेला रंग काढायला दुप्पट कष्ट पडतात.

समजा, एका धुण्यात तीन गोष्टी गुलाबी झाल्या आहेत: शुद्ध सुती पलंगपोस, टेरीकॉटचा शाळेचा शर्ट आणि पांढरी रेशमी ओढणी. आधी लाल कपडा वेगळा काढावा. मग ओढणी बाजूला ठेवावी, कारण तिच्यावर पुढचे बहुतेक उपाय चालत नाहीत. ती फक्त कोमट पाण्यात सौम्य साबणाने पुन्हापुन्हा खळबळायची. पलंगपोस आणि शर्ट मात्र लगेच गरम पाण्यात, नेहमीच्या साबणचुऱ्यात, भरपूर पाणी घेऊन धुवावेत. पाणी गुलाबी झाले की ओतून द्यावे आणि नवे घ्यावे. त्याच पाण्यात कपडे तासन्‌तास पडून राहिले, तर निघालेला रंग पुन्हा कापडावर बसतो. ताजा डाग असेल तर पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

भागले नाही, तर ऑक्सिजन ब्लीचची पाळी. डाग काढण्याच्या ‘ऑक्सी’ प्रकारच्या पावडरींत सोडियम परकार्बोनेट असते. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा तयार होतो, आणि पेरॉक्साइड रंगाचा रेणू हळूहळू तोडते. पाणी थंड असेल तर ही पावडर जवळजवळ झोपलेलीच राहते, म्हणून हात जेमतेम सोसेल इतके गरम पाणी घ्यावे. पाच लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे पावडर पुरते. कपडे पूर्ण बुडवून चार ते आठ तास ठेवावेत. बादलीवर घट्ट झाकण लावू नये, कारण आत वायू साठतो. टेरीकॉटच्या शर्टासाठी शक्यतो इथेच थांबावे.

क्लोरीनचे ब्लीच अधिक जोरकस, पण त्याची जागा ठरलेली आहे. ते फक्त शुद्ध सुती आणि पूर्ण पांढऱ्या कापडाला चालते. पाच लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीच, पलंगपोस पाच-दहा मिनिटे, मग भरपूर पाण्यात धुणे. रेशीम आणि लोकर त्यात खराब होते, लवचीक धागा पिवळा पडतो, आणि सुरकुत्या न पडणारे म्हणून विकले जाणारे कापडही पिवळसर होऊ शकते. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रंगारी मात्र वेगळ्याच वस्तूवर भरवसा ठेवतात. ती म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, बोलीत ‘हायड्रो’. रंगांच्या दुकानात हीच पावडर ‘रंगकाट’ नावाने मिळते. गुळाचा रंग उजळ करायला गुऱ्हाळांत वापरली जाते तीही हीच. ही पावडर ब्लीचच्या उलट मार्गाने जाते: ऑक्सिजन देत नाही, हिरावून घेते, आणि बहुतेक लाल रंगांना लाल बनवणारा बंधच फोडते. पाच लिटर गरम पाण्यात तीन-चार छोटे चमचे घालावेत आणि कपडे अधूनमधून ढवळत पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. भांडे प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे असावे. गंधकाचा उग्र वास येतो, म्हणून काम गॅलरीत किंवा खिडकी उघडून करावे. पावडर पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये, कारण दमट झालेली हायड्रो आपोआप तापते आणि पेटूही शकते. ब्लीचच्या बादलीत तर ती कधीच जाऊ नये. शाळेच्या शर्टावर रंगीत भरतकामाचा बिल्ला असेल, तर गुलाबी छटेबरोबर बिल्ल्याचाही रंग जाण्याचा धोका असतो. आधी बिल्ल्याच्या मागच्या बाजूला हायड्रोच्या पाण्याचा थेंब टाकून पाहावे.

कपडे गुलाबीऐवजी करडे झाले असतील, तर थोडा तपास करावा. लाल कुर्त्याबरोबर जीन्सही होती का? जीन्सचा निळा रंग हायड्रोत पाण्यात विरघळणाऱ्या पिवळसर रूपात जातो, आणि कपडा पांढरा झाल्यासारखा दिसतो. पण बादलीतून काढून तो तसाच हवेत ठेवला, तर हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा निळा करतो आणि करडी छटा परत येते. म्हणून हायड्रोतून काढताक्षणी कपडा वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावा, पिळून बाजूला ठेवू नये. सुती कापडावर हा निळा रंग क्लोरीनच्या ब्लीचनेही जातो.

आणि नीळ? पांढरे कपडे पिवळसर झाले की नीळ उपयोगी, कारण निळसर छटा पिवळेपणा झाकते. गुलाबी कपड्यावर तीच नीळ घातली, तर हलका जांभळा रंग तयार होतो. गुलाबी पूर्ण जाईपर्यंत नीळ डब्यातच राहू द्यावी.

कपडा पुरेसा पांढरा झाला की नाही, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. तो दिवसाउजेडी, न रंगलेल्या पांढऱ्या कापडाशेजारी ठेवून पाहावा. कॉलर आणि शिवणीच्या दुहेरी भागांत रंग सर्वांत उशिरा निघतो, म्हणून तिथे खास लक्ष द्यावे. मगच तो उन्हात घालावा आणि इस्त्री करावी. शिवणीतला धागा पॉलिस्टरचा असेल तर तो पांढराच राहतो, कारण सुती रंग त्यावर बसत नाही. म्हणजे कपड्यावर जरा गुलाबी राहिले, तर शिवणीच्या बारीक पांढऱ्या रेषाच ते सांगून जातात.

लाल कुर्ताही तसाच ठेवू नये. उरलेला सुटा रंग काढायला तो एकटाच गरम साबणपाण्यात धुवावा आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत पुन्हा धुवावा. नंतर ओल्या कुर्त्यावर पांढरा रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. रुमाल डागाळला नाही, तरच तो कुर्ता बाकीच्या धुण्यात टाकावा.