पाइप उतारावर, गज सपाटीवर

घराचं काम संपत आलं की फॅब्रिकेटर टेप घेऊन येतो, जिना मोजतो, गॅलरी मोजतो आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देतो. पाइप किती, गज किती, हे आपण त्याच्या भरवशावर सोडतो. खरं तर या हिशेबात एकच मेख आहे. हातात धरायच्या पाइपाची लांबी जिन्याच्या उतारावर मोजायची असते, तर उभ्या गजांची संख्या सपाटीवर. दोन्हींसाठी एकच माप धरलं की गडबड होते.

आपल्याकडचा साधा जिना घेऊ. पायरी १० इंच रुंद, ७ इंच उंच. अशा ९ पायऱ्यांना कठडा लावायचा आहे. नकाशावर हे अंतर ९० इंच, म्हणजे साडेसात फूट दिसतं. पण पाइप तिरका चढतो. १० चा वर्ग १००, ७ चा ४९, बेरीज १४९ आणि तिचं वर्गमूळ सुमारे १२.२. म्हणजे दर पायरीमागे पाइप १० नव्हे, १२.२ इंच लागतो. नऊ पायऱ्यांचे झाले ११० इंच, नऊ फूट दोन इंच. नकाशावरून पाइप आणला तर तो वीस इंच तोकडा पडेल.

गजांचं उलटं. ते उभे असतात, त्यामुळे दोन गजांमधली फट आडवीच मोजली जाते. ही फट ४ इंचांपेक्षा जास्त नको, कारण त्यातून लहान मुलाचं डोकं जाऊ शकतं. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमात तर ४ इंच व्यासाचा गोळा कठड्यातून जाता कामा नये, अशीच कसोटी आहे.

दोन्ही टोकांच्या खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत आपले ९० इंच धरले, तर २ इंची खांबांची जाडी वजा जाऊन मोकळी जागा ८८ इंच उरते. गज १ इंची चौकोनी. इथे बरेच जण ८८ ला ५ ने भागून मोकळे होतात. पण गजांपेक्षा फटी नेहमी एकने जास्त असतात, म्हणून आधी एक फट बाजूला काढायची. ८८ मधून ४ गेले, ८४ राहिले. गज आणि फट मिळून ५ इंच, त्याने भागले की १६.८. अपूर्णांक आला की वरचा आकडा घ्यायचा, म्हणून १७ गज. मग उलटा ताळा: ८८ मधून १७ गजांचे १७ इंच वजा, उरलेले ७१ इंच १८ फटींत वाटले की प्रत्येकी ३.९४ इंच.

वेल्डर मात्र चौकट जमिनीवर आडवी ठेवून तिरक्या पाइपावरच खुणा करतो. तिथे मध्य ते मध्य ४.९४ नव्हे, त्याच्या १.२२ पट, म्हणजे जवळजवळ ६ इंचांवर खूण हवी. त्याने पाइपावरच ५-५ इंच धरले, तर १७ च्या जागी २१ गज बसतात. धोका काही नाही, खिशाला चाट तेवढी बसते.

गॅलरी सोपी. भिंतीपासून भिंतीपर्यंत १० फूट, दोन टोकांना आणि मध्ये असे तीन खांब. १२० मधून ६ इंच गेले, प्रत्येक गाळा ५७ इंचांचा. त्याच रीतीने दर गाळ्यात ११ गज येतात आणि फट ३.८३ इंच राहते. पैसे वाचवायला १० गज लावले तर फट सव्वाचार इंचांवर जाते. त्या एका गजाची काटकसर करू नये.

आता खरेदी. बोलताना सगळे ‘वीस फुटी पाइप’ म्हणतात, पण दुकानात येणारी लांबी पुष्कळदा ६ मीटर असते, म्हणजे १९ फूट ८ इंच, एकूण २३६ इंच. गॅलरीचा गज ३४ इंचांचा ठरवला, तर सातांना २३८ इंच लागतात. सातवा बसत नाही, आणि प्रत्येक पाइपामागे ३२ इंच भंगारात. खालची आडवी पट्टी जमिनीपासून ३ ऐवजी साडेतीन इंचांवर घेतली की गज साडेतेहतीसचा होतो. कटरच्या पात्याने दर कापाला खाल्लेले सुमारे ३ मिलिमीटर धरूनही सात बसतात. अर्ध्या इंचाने केवढा फरक! मात्र पाइप दारात उतरताना टेप लावून पाहा.

जिन्याचे गज ३३ इंचांचे धरू, कारण त्यांची टोकं तिरकी कापताना थोडं माप जातं. गॅलरीचे २२ आणि जिन्याचे १७ मिळून ३९ गज. दोन्हींचा वेगवेगळा हिशेब केला तर ४ आणि ३ असे सात पाइप लागतील, एकत्र केला तर सहाच. वरचा २ इंची पाइप जिन्याला ११० आणि गॅलरीला १२० इंच, म्हणजे एकाच लांबीत दोन्ही निघतात. पाच खांबांसाठी आणखी एक २ इंची आणि खालच्या पट्ट्यांसाठी एक १ इंची पाइप लागेल.

हे सगळं माप फरशी बसल्यावरच घ्या. खडबडीत स्लॅबवर मोजलं आणि नंतर मसाला व फरशी मिळून दोन इंच चढले, तर १ मीटर उंच ठरवलेला कठडा तेवढाच बुटका होतो.