हक्क पिकण्याची तारीख

नोकरीच्या पत्रात ‘४८०० स्टॉक ऑप्शन, चार वर्षांचे व्हेस्टिंग, एक वर्षाचा क्लिफ’ अशी ओळ असली, की अनेकांना ४८०० शेअर मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मिळालेले असते ते ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याच्या हक्काचे आश्वासन. तो हक्क हळूहळू पिकतो. या पिकण्यालाच व्हेस्टिंग म्हणतात. क्लिफ म्हणजे कडा. तिथे पोहोचेपर्यंत हाती काहीच नसते. पोहोचताच पहिल्या वर्षाचा हिस्सा एकदम मिळतो.

समजा, एक तरुणी १ एप्रिल २०२२ रोजी एका खासगी कंपनीत रुजू झाली. ऑप्शन देण्याचा निर्णय मात्र १० जूनला झाला आणि ग्रँटच्या पत्रावर तीच तारीख पडली. घोटाळा होतो तो इथेच. कंपनी कायदा २०१३ खालील नियमांनुसार ग्रँट आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष जावे लागते, आणि ते वर्ष रुजू होण्यापासून नव्हे, ग्रँटपासून मोजले जाते. ‘वर्ष झाले’ असे समजून ती १५ एप्रिल २०२३ ला बाहेर पडली, तर तिला एकही ऑप्शन मिळणार नाही. १० जूनपर्यंत थांबली, तर १२०० मिळतील.

पुढे दरमहा १०० पिकतात, असे धरू. ३० डिसेंबर २०२३ ला तिने नोकरी सोडली, तर १८०० पिकलेले असतील आणि उरलेले ३००० त्याच दिवशी रद्द होतील. राजीनाम्याची तारीख धरायची की कामाचा शेवटचा दिवस, हे कंपनीच्या योजनेत पाहावे.

पण पिकलेले १८०० म्हणजेही अजून शेअर नव्हेत. योजनेत दिलेल्या मुदतीत, अनेकदा ९० दिवसांत, पैसे भरून ते घ्यावे लागतात. ठरलेली किंमत ५० रुपये असेल तर ९० हजार भरायचे. त्या दिवशी शेअरचे मूल्यांकन ४०० रुपये असेल, तर प्रत्येकी ३५० रुपयांचा फरक, म्हणजे एकूण ६ लाख ३० हजार, पगाराचेच उत्पन्न धरले जाते. ३० टक्के दराने त्यावर १ लाख ८९ हजार कर, शिवाय उपकर. एकूण पावणेतीन लाखांहून अधिक रोख द्यायचे, तेही बाजारात नोंद नसलेल्या, सहज विकता न येणाऱ्या शेअरसाठी. इतकी रक्कम जमली नाही, तर मुदत संपताच पिकलेला हक्कही जातो.

म्हणून राजीनामा लिहिण्याआधी नेमणुकीच्या पत्रावर विसंबू नये. ग्रँटचे पत्र आणि योजनेची प्रत मागून घ्यावी. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: ग्रँटची तारीख, पुढचा हप्ता पिकण्याचा दिवस आणि नोकरी सोडल्यानंतरची मुदत.