वजावट वाढवा, मर्यादा सोडू नका

संचालक व अधिकारी दायित्व विम्याच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं की कंपनी सचिवाची नजर आधी प्रीमियमवर जाते. खरी घासाघीस मात्र दुसऱ्याच दोन आकड्यांवर असते.

समजा, चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या पॉलिसीची दायित्व मर्यादा २५ कोटी आणि वजावट १० लाख. आता विमा कंपनी म्हणते, मर्यादा तीच, वजावट मात्र ५० लाख. ऐकायला हे जाचक वाटतं. पण ही वजावट कोणाच्या खिशातून जाते ते आधी बघावं. संचालकाच्या वकिलाचा खर्च कंपनीने आधी केला आणि मग विम्याकडे मागितला, तर वजावट कंपनी सोसते. कंपनी दिवाळखोरीत गेल्यामुळे विम्याला थेट संचालकासाठी पैसे मोजावे लागले, तर तिथे वजावट सहसा शून्य असते.

मर्यादेचं तसं नाही. २५ कोटी ही वर्षभरातल्या सगळ्या दाव्यांची, सगळ्या संचालकांची मिळून रक्कम. वकिलांची फीसुद्धा बहुतेक पॉलिसींत त्यातूनच जाते. खटल्यावर ६ कोटी खर्च झाले, की तडजोडीला उरतात १९. म्हणून कुठे नमतं घ्यायचंच असेल, तर ते वजावटीवर.

सचिवाने ब्रोकरला पाठवायच्या ईमेलचा गाभा असा असावा:

‘कंपनीच्या परतफेडीच्या दाव्यांवर २५ लाखांची वजावट आम्हाला चालेल. संचालकांना थेट मिळणाऱ्या रकमेवर ती शून्य राहील, हे शेड्यूलमध्ये नमूद करावे. २५ आणि ५० लाख या दोन्ही वजावटींचे प्रीमियम वेगवेगळे कळवावेत. मर्यादा ४० कोटी केल्यास किती फरक पडेल, तेही कळवावे.’

दोन्ही दर हाती आले की हिशेब सोपा. वजावट २५ लाखांनी वाढवून वर्षाला ३ लाख वाचत असतील, तर एका दाव्याचा खड्डा भरायला आठ वर्षांहून जास्त लागतील.

मर्यादा वाढवताना एक सापळा असतो. वाढीव १५ कोटींसाठी विमा कंपनी बहुधा लेखी हमी मागते, की दाव्याला कारण ठरेल असं काही आम्हाला ठाऊक नाही. कपाटात ‘सेबी’चं विचारणापत्र पडून असताना अशी सही करणं म्हणजे पुढे दावा नाकारण्याचं कारण स्वतःच हाती देणं. हा विमा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षाच्या पॉलिसीवर चालतो. त्यामुळे अशा पत्राची सूचना चालू पॉलिसी संपण्याआधीच, तिच्या अटींप्रमाणे, वेगळ्या पत्राने द्यावी. वाटाघाटीच्या ईमेलमध्ये ओझरता उल्लेख करून भागत नाही.

आणि हे सगळं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. मुदत दोन दिवसांवर आलेल्या ग्राहकाला ब्रोकर तरी दुसऱ्या विमा कंपनीचं कोटेशन कुठून आणणार?