टपरीचा शेवटचा फलक

ग्रँट रोड स्टेशनाजवळचे बी. मेरवान हे १९१४ सालचे इराणी हॉटेल ३१ मार्च २०१४ला बंद होणार, ही बातमी मुंबईत पसरली आणि शेवटच्या दिवसांत मावा केकसाठी सकाळीच रांगा लागल्या. पुढे ते पुन्हा उघडले. बरोबर एका वर्षाने, ३१ मार्च २०१५ला, जहांगीर कलादालनातला उषा खन्ना यांचा सामोवार कॅफे बंद झाला. तो १९६४पासून चालू होता. जागेचा वाद बरीच वर्षे चालला होता, तरी अखेरचे दिवस गेले ते जुन्या गिऱ्हाइकांच्या भेटीगाठींत. दोन्हीकडे तारीख आधी कळली, म्हणून माणसांना येऊन निरोप घेता आला.

गावातल्या टपरीची बातमी मात्र वर्तमानपत्रात येत नाही. तिचे वर्तमानपत्र म्हणजे दारावर टांगलेला फलक. बीड तालुक्यातल्या नेकनूरसारख्या, मांजरसुंबा-केज रस्त्यावरच्या बाजारगावात तो कधी लावायचा, हा पहिला प्रश्न. मुंबईचे मार्चअखेरचे गणित इथे लागू पडत नाही.

याचे कारण ऊस. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे तोडीला जातात आणि हंगाम संपला की पाडव्याच्या आगेमागे परततात. टपरीच्या वहीत त्यांची नावे असतातच. पावसाळ्यात हाताला काम कमी, तेव्हा चहा खात्यावर. उचल मिळाली की खाते चुकते. अशा ठिकाणी डिसेंबरात फलक लावून महिनाअखेरीस शेगडी विझवली, तर टोळीबरोबर गेलेल्या गिऱ्हाइकाला परत आल्यावर नुसते बंद दारच दिसेल. देणे फेडायची इच्छा असूनही ते राहून जाईल आणि त्याच्या मनाला ते उगाच लागून राहील. म्हणून फलक दसऱ्याआधी तीन-चार आठवडे लावावा. ते जमले नाही तर पाडव्यानंतर. मधले महिने टाळावेत.

आठवडी बाजाराचेही तसेच. बाजाराला येणारा आसपासच्या खेड्यातला शेतकरी आठवड्यातून एकदाच टपरीवर बसतो. फलक किमान तीन बाजार टिकला, तर एखादा बाजार चुकलेल्या माणसाच्याही नजरेस पडतो.

आता मजकूर. एखाद्या नेकनूरकर चहावाल्याने पंचवीस वर्षांनी दुकान आवरायचे ठरवले, तर त्याचा फलक काहीसा असा असावा:

‘दसऱ्याच्या दिवशी दुपारपर्यंत चहा मिळेल. त्यानंतर हॉटेल बंद. पंचवीस वर्षे तुम्ही इथे बसलात, त्यावर आमचे घर चालले, मुलांची शिक्षणे झाली. आता गुडघे उभे राहू देत नाहीत. दूध, साखर, सरपण यांचे कोणाचे माझ्याकडे काही निघत असेल तर दसऱ्याआधी सांगावे, चुकते करीन. लग्नकार्याच्या चहासाठी आगाऊ पैसे दिलेल्यांनी परत घेऊन जावेत. वही दुकानातच आहे. ज्याला पाहायची त्याने पाहावी. चुकलेमाकले पोटात घालावे. आपला ऋणी.’

या मजकुरातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःचे देणे आले. गिऱ्हाइकाकडच्या बाकीचा उल्लेख शेवटी आला आणि तोही न मागता. बाकीदारांची यादी भिंतीवर लावली, तर पंचवीस वर्षांचा गोडवा एका सकाळीत जातो. उलट ‘सगळी उधारी माफ’ असे लिहिणेही बरे नाही. कालच ज्याने पदरमोड करून खाते मिटवले, त्याला ते टोचते; आणि ज्याला मानाने फेडायचे आहे, त्याची वाटच बंद होते. ज्याची माफ करायची, त्याला बाजूला घेऊन सांगावे.

कारणही एकाच ओळीत पुरे. गुडघे असोत, मुलाची पुण्यातली नोकरी असो की समोर झालेले नवे दुकान, जे खरे आहे ते लिहावे. फक्त नव्या दुकानाचा उल्लेख करायचा झाला, तर ‘सकाळचा चहा आता समोर मिळेल’ एवढाच करावा. गिऱ्हाइकाची सोय झाली आणि शेजाऱ्याशी संबंधही गोड राहिले.

फलकावर न येणारी कामेही आहेत. कपबशा विसळणाऱ्या पोऱ्याला सर्वांत आधी, फलक टांगण्यापूर्वी सांगायला हवे. त्याला ही बातमी गिऱ्हाइकाच्या तोंडून कळू नये. दूधवाल्याला रोजचे लिटर हळूहळू कमी करत आणावे लागते, नाहीतर त्याच्या घरी अचानक दूध उरते. व्यावसायिक गॅसचे १९ किलोचे सिलिंडर एजन्सीला परत करताना अनामतीची मूळ पावती लागते, आणि इतक्या वर्षांनी ती सापडणे कठीण असते. ती फलक रंगवण्याआधीच शोधून ठेवावी. अन्न व्यवसायाची नोंदणी असेल तर तीही रद्द करून घ्यावी, म्हणजे त्याच नावाने दुसऱ्या कोणी गाडा लावला तर जबाबदारी जुन्या मालकाकडे येत नाही.