वास्तुशांत : आधी माणसं मोजा, मग घरं

नव्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत बहुतेक कुटुंबांची गंगाजळी आटलेली असते. स्टँप ड्यूटी, नोंदणी, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, पंखे, पडदे असं सगळं करून झाल्यावर वास्तुशांत येते. तिचा खर्च मग ‘होईल तसा होईल’ म्हणून सोडला जातो आणि नेमका तिथेच तो हाताबाहेर जातो.

या खर्चाचे दोन भाग पडतात. गुरुजी, पूजासाहित्य आणि सजावट यांचा खर्च चाळीस माणसं आली काय किंवा दीडशे आली काय, साधारण तेवढाच राहतो. जेवणाचा खर्च मात्र माणसामागे वाढतो. म्हणून हॉल किंवा केटरर ठरवण्याआधी पाहुण्यांची यादी कागदावर उतरवायला हवी.

पुण्यातल्या एका टू बीएचके फ्लॅटचं उदाहरण घेऊ. आकडे नमुन्यादाखल आहेत, दर गावागणिक बदलतील. यादी 120 माणसांची, म्हणजे साधारण 40 घरांची आहे. सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं, तर 350 रुपये ताटाप्रमाणे 42,000 रुपये होतात. त्याऐवजी सकाळच्या होमाला आणि जेवणाला जवळची 50 माणसं बोलावली आणि सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले सहकारी अशी उरलेली 70 माणसं संध्याकाळी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला बोलावली, तर हिशोब बदलतो. जेवणाचे 17,500 आणि संध्याकाळच्या बटाटेवडा, ढोकळा, कॉफीचे माणशी 90 प्रमाणे 6,300, असे एकूण 23,800 रुपये होतात. यात कुणाचा मान कमी होत नाही. उलट छोट्या घरात सगळ्यांना नीट बसता येतं आणि यजमानांना प्रत्येकाशी दोन शब्द बोलता येतात.

केटररशी बोलताना ‘गॅरंटी’चा आकडा नीट समजून घ्यावा. 50 ताटांची हमी दिली आणि 42 माणसंच जेवली, तरी पैसे 50 ताटांचे द्यावे लागतात. म्हणून हमी यादीपेक्षा थोडी कमी द्यावी आणि वर किती ताटं वाढवता येतील, ती कोणत्या दराने, हे आधीच ठरवावं. वाढपी, पाण्याचे जार, जीएसटी आणि गुरुजींची ताटं या दरात धरली आहेत का, हेही तेव्हाच विचारावं.

गुरुजींकडे दक्षिणा विचारायला अनेकांना संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा, कारण गुरुजींनाही स्पष्ट बोलणं सोयीचं असतं. किती गुरुजी येणार, संध्याकाळचा सत्यनारायण त्यातच आहे की वेगळा, आणि साहित्य कोण आणणार, एवढं कळलं की पुरे. समिधा, होमकुंड, सुपाऱ्या, हळकुंडं गुरुजी आणतात, पण तांदूळ, गहू, तूप, नारळ, फळं, वस्त्रं यजमानांच्या यादीत येतात, असं बऱ्याचदा होतं. वरील उदाहरणात दक्षिणेचे 11,000 आणि साहित्याचे 4,000 धरले आहेत.

वास्तुप्रतिमेचा एक खर्च मात्र यादीत सापडत नाही. ती घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते, पण फ्लॅटमध्ये खाली स्लॅब असतो. फरशीचं काम चालू असतानाच गवंड्याला सांगून तिथे छोटी खोबण ठेवली आणि त्यावरची फरशी बसवायची राहू दिली, तर काही अडत नाही. नंतर फरशी फोडायची वेळ आली की मजुरी जाते आणि त्याच छटेची फरशी मिळेलच असं नाही. उंच इमारतीत होमाची कल्पना सोसायटीच्या कार्यालयाला आधी द्यावी, नाहीतर धुरामुळे आगीची घंटा वाजण्याची भीती असते.

सजावटीला 5,000 रुपये पुरतात. दाराला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्याशी रांगोळी, चौरंगाला केळीचे खुंट एवढ्यानं घर सजतं. पैसे खातो तो फोटोसाठी उभारलेला फुलांचा पडदा, आणि तो वगळला तरी समारंभात काहीच उणं राहत नाही. दसरा आणि लक्ष्मीपूजनाच्या आसपास झेंडू कडाडतो, तेव्हा मुहूर्त त्या दिवसांत असेल तर इथे जास्त रक्कम धरावी.

रिटर्न गिफ्टच्या बाबतीत सर्वात मोठी चूक म्हणजे ती माणसागणिक मोजणं. भेटवस्तू घरटी एक द्यायची असते. 150 रुपयांची वस्तू 120 जणांना दिली तर 18,000 रुपये जातात आणि 40 घरांना दिली तर 6,000. सुवासिनींची ओटी भरायची असेल तर खण-नारळाचा हिशोब वेगळा मांडावा. वस्तू रोजच्या वापराची असावी, पितळी निरांजन किंवा स्टीलचा डबा चालेल. यजमानांचं नाव छापलेली शोभेची वस्तू सहसा माळ्यावर जाते.

खुर्च्या, क्लब हाउसचं भाडं आणि साफसफाईचे 4,000 मिळवून बेरीज 53,800 होते. त्यावर दहा टक्के राखीव धरले की साठ हजारांच्या आत काम भागतं. सोसायटीचं अनामत वेगळं ठेवावं, आणि केटररला माणसांचा शेवटचा आकडा देण्याआधी यादीतल्या प्रत्येक घरी एक फोन नक्की करावा.